लॅपटॉपच्या कडेचे उजळ पट्टे: कारखान्यातून आलेले, की बॅगेत दाबून झालेले?

माझं लॅपटॉप-मोबाईल दुरुस्तीचं दुकान यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. जून-जुलैत कॉलेजं सुरू झाली, एसटीचे पास निघाले, की महिना-दीड महिन्यात एक तक्रार हमखास येते. स्क्रीन फुटलेली नसते, रेघ नसते, सगळं चालू असतं, पण कडेला कुठेतरी फिकट उजळ डाग दिसतात. गेल्या हंगामात रोज एसटीनं यवतमाळला जाणारी एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. तिचा पहिलाच प्रश्न होता, "दादा, हे पहिलेपासूनच होतं का माह्या बॅगनं झालं?"

हा प्रश्न नेमका आहे, कारण पुढचं सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं. पहिल्यापासून असेल तर वॉरंटीत विचारता येतं. बॅगेनं झालं असेल तर कंपनी ते ग्राहकाकडून झालेलं नुकसान धरते, आणि बॅग तीच राहिली तर डाग वाढतात. हे घरबसल्या ओळखता येतं. रात्रीचा अर्धा तास, एक मोजपट्टी आणि थोडा धीर एवढंच लागतं. इंटरनेटही लागत नाही.

आधी आत काय आहे ते

लॅपटॉपची साधी स्क्रीन म्हणजे दोन भाग एकमेकांना चिकटून असतात. मागे उजेड, पुढे दार. मागच्या भागात बहुतेक लॅपटॉपमध्ये खालच्या कडेला एलईडीची बारीक पट्टी असते. तिचा उजेड एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाटीत शिरतो आणि ती पाटी तो सगळीकडे पसरवते. पाटीच्या मागे पांढरा परावर्तक कागद असतो, आणि पुढे उजेड एकसारखा करणारे दोन-चार पातळ पापुद्रे. या सगळ्यापुढे काच असते, आणि काचेतले लिक्विड क्रिस्टल जागोजागी उजेड सोडतात किंवा अडवतात. या सगळ्याला मिळून आम्ही पॅनेल म्हणतो.

कालव्याचं दार डोळ्यांपुढे आणा. दार बंद असताना कडेनं पाणी झिरपत असेल तर ते लगेच दिसतं, कारण पुढचा पाट कोरडा असतो. दार पूर्ण उघडलं की तेच झिरपणं प्रवाहात हरवून जातं. उलट, पाटाचा तळच एका जागी खचला असेल तर दार बंद असताना काही कळत नाही. पाणी सोडल्यावर तिथे धार वेगळी पडते.

बॅकलाइट ब्लीड म्हणजे बंद दारातून झिरपणारा उजेड. पॅनेल बसवताना चौकटीचा ताण काचेवर पडतो, किंवा कडेची फट नीट बुजत नाही, आणि काळ्या स्क्रीनवर कडेनं उजेड डोकावतो. पांढऱ्या स्क्रीनवर तो दिसत नाही. बॅगेच्या दाबाचा डाग म्हणजे खचलेला तळ. झाकणाला मागून कशाचं तरी टोक लागतं, आतली पाटी किंवा पापुद्रे त्या जागी दबतात, आणि तिथून उजेड जास्त बाहेर पडतो. हा डाग पांढऱ्यावर आणि करड्यावर दिसतो. काळ्यावर तो जवळजवळ नाहीसा होतो, कारण काळ्यावर मुळात फार थोडा उजेड बाहेर येतो, आणि त्या थोड्यातला थोडासा फरक डोळ्याला कळत नाही.

एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

तपासणी

रात्री खोलीतले दिवे बंद करा. आमच्याकडे भारनियमनाची रात्र यासाठी फार सोयीची, फक्त लॅपटॉप बॅटरीवर असताना स्वतःहून उजेड कमी करतो हे लक्षात ठेवा. ब्राइटनेस हातानं पूर्ण वाढवा. विंडोज ११ मध्ये Settings, मग System, मग Display इथे जाऊन Night light बंद करा. तिथेच Brightness उघडून Change brightness based on content असा पर्याय दिसला तर त्यावर Off निवडा. तो चालू असेल तर काळी स्क्रीन आली की लॅपटॉप उजेड आपोआप कमी करतो आणि तपासणी फसते.

स्क्रीन मऊ, किंचित ओल्या कापडानं हलक्या हातानं पुसा. बंद झाकणात कीबोर्डच्या बटणांचे तेलकट ठसे स्क्रीनवर उमटतात आणि बाजूनं पाहिलं की तेही डागच वाटतात. पुसल्यावर गेलं तर प्रश्न मिटला.

आता ब्राउझर उघडा आणि वरच्या पत्त्याच्या जागी हे टाइप करून एंटर दाबा:

```
data:text/html,<body bgcolor=black>
```

मग F11 दाबा म्हणजे संपूर्ण स्क्रीन काळी होईल. माउसचा बाण एका कोपऱ्यात नेऊन ठेवा. या ओळीत black च्या जागी gray लिहिलं की करडी स्क्रीन येते, white लिहिलं की पांढरी. पॉवरपॉइंट असेल तर स्लाइड शो सुरू करून B दाबलं की काळी आणि W दाबलं की पांढरी स्क्रीन मिळते, पण करड्यासाठी ब्राउझरच बरा.

काळी स्क्रीन लावून पाच मिनिटं नुसते बसून राहा. अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो. दिवा बंद केल्या केल्या पाहून "काही नाही" म्हणणारे बरेच लोक मी पाहिले आहेत. स्क्रीनपासून साधारण हात-दीड हात लांब, डोळे स्क्रीनच्या मध्याच्या उंचीला ठेवा. कुठे उजेड दिसतो, कोणत्या कडेला, पिवळसर की निळसर, ते कागदावर चौकोन काढून त्यात लिहा.

इथे एक चकवा आहे. आयपीएस जातीच्या पॅनेलच्या कोपऱ्यांत काळ्यावर एक धूसर चमक असतेच. ती ओळखायची खूण म्हणजे डोकं हलवणं. डोकं डावी-उजवीकडे, वर-खाली हलवल्यावर चमक सरकली, कमी-जास्त झाली, तर ती पाहण्याच्या कोनाची चमक आहे, तो दोष नाही. डोकं कुठेही नेलं तरी उजेड त्याच जागी, तशाच आकाराचा राहिला तर ते ब्लीड. टीएन या स्वस्त जातीच्या पॅनेलमध्ये वरचा भाग आणि खालचा भाग वेगळ्या छटेचा दिसतो, तेही पॅनेलच्या जातीचं लक्षण आहे.

त्यानंतर करडी स्क्रीन लावा. दाबाचा डाग हुडकायला करडा रंग मला सगळ्यात विश्वासाचा वाटतो. पांढऱ्यावर डोळे दिपतात आणि फिकट डाग सुटतात. करड्यावर दोन हात मागे सरकून, डोळे थोडे बारीक करून पाहा. दाबाचा डाग बहुधा गोलसर किंवा लांबट, धूसर कडांचा, वाटाण्यापासून रुपयाच्या नाण्याएवढा असतो. मग पांढऱ्यावर खात्री करा.

फोनच्या फोटोवर निकाल देऊ नका. अंधारात फोनचा कॅमेरा उजेड ताणून घेतो आणि बारीकसं ब्लीडसुद्धा आग लागल्यासारखं दिसतं. फोटो हवेतच, पण नंतर तुलना करण्यासाठी. कॅमेऱ्यात स्क्रीनवर बोट दाबून धरून एक्स्पोजर कुलूप करा, फोटोत दिसणारा उजेड डोळ्यांना दिसतो तेवढा होईपर्यंत कमी करा, आणि काळा, करडा, पांढरा असे तीन फोटो एकाच अंतरावरून घ्या. स्क्रीनशॉट मात्र घेऊ नका. दोष पॅनेलमध्ये असतो, त्यामुळे स्क्रीनशॉटमध्ये तो येतच नाही.

काय दिसलं तर काय समजायचं

फक्त काळ्यावर, कडेला चिकटून दिसत असेल आणि करड्यावर काहीच नसेल, तर ब्लीड. फक्त करड्या-पांढऱ्यावर, कडेपासून थोडं आत दिसत असेल, तर दाब.

अडचण येते ती तिसऱ्या प्रकारात, आणि घट्ट बॅगेचा खरा घोळ तिथेच आहे. बॅगेत लॅपटॉप तिरका दाबला गेला तर झाकणाची चौकट किंचित पिळली जाते. मग काचेवर नवा ताण पडतो आणि जिथे आधी ब्लीड नव्हतं तिथे ते येतं. हे काळ्यावरच दिसतं, म्हणून लोक याला कारखान्यातला दोष समजतात. ओळखायचं असं: लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि समोरून डोळे टेबलाच्या पातळीला आणून झाकण आणि बुडाची फट पाहा. एका कोपऱ्याला फट जास्त, दुसऱ्याला कमी असेल तर झाकण पिळलं आहे. फट एकसारखी असेल तर काळी स्क्रीन चालू ठेवून झाकणाची वरची कड दोन्ही कोपऱ्यांना फक्त प्लॅस्टिकला धरा आणि अगदी नावापुरता, केसभर ताण द्या. कोपऱ्यातला उजेड लगेच कमी-जास्त झाला तर तो चौकटीच्या ताणाचा आहे. दाबाचा डाग असा हलत नाही. काचेला बोट लावायचं नाही, आणि हात थरथरत असेल तर ही पायरी सोडून द्या.

खालच्या कडेला सारख्या अंतरावर उजेडाचे टिपके ओळीनं दिसत असतील, जणू खालून बारीक बॅटऱ्या लावल्यात, तर तो यातला कुठलाच प्रकार नाही. एलईडीची पट्टी किंवा उजेड पसरवणारी पाटी जागेवरून सरकली आहे, बहुधा पडल्यामुळे. आणि डागाला पाण्याच्या वाळलेल्या थेंबासारखी कड असेल तर ओल आत गेली आहे. पावसाळ्यात बॅग भिजून आलेल्या लॅपटॉपमध्ये मी हे पाहिलं आहे.

डाग कशामुळे पडला, हे पट्टीनं मोजून काढा

दाबाचा डाग ठरला की दाबणारी वस्तू शोधा, नाहीतर नवीन पॅनेललाही तेच होईल. आधी लॅपटॉप बॅगेतून काढण्यापूर्वी बॅगेचा वरून एक फोटो घ्या आणि आत काय कुठे आहे ते पाहा. मग करड्या स्क्रीनवर प्रत्येक डागाच्या मध्यापासून दोन मापं घ्या: झाकणाच्या डाव्या बाहेरच्या कडेपासून किती आणि बिजागरीच्या कडेपासून किती. पट्टी स्क्रीनला टेकवू नका, बोटभर लांब धरा. एखाद-दोन मिलिमीटरची चूक चालते.

आता झाकण बंद करा, बिजागरी तुमच्यापासून लांब ठेवा. अशी ठेवल्यावर स्क्रीनची डावी बाजू डावीकडेच राहते, त्यामुळे तीच मापं तशीच झाकणाच्या पाठीवर घेता येतात. प्रत्येक डागाच्या जागी चिकटपट्टीचा तुकडा लावा. मग लॅपटॉप नेहमीप्रमाणे बॅगेत सरकवा, नेहमीची वह्या-पुस्तकं, चार्जर, डबा, पाण्याची बाटली जागच्या जागी भरा, आणि बाजूनं हात घालून त्या तुकड्यांवर काय टेकतंय ते चाचपा.

त्या मुलीच्या लॅपटॉपवर आम्ही हेच केलं. १५.६ इंची स्क्रीन, घेऊन आठ महिने झालेले. काळ्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात पिवळसर उजेड होता, डोकं हलवूनही तो हलत नव्हता. करड्यावर तो नाहीसा झाला, पण डाव्या कडेला दोन वेगळे डाग उमटले. दोन्ही डाव्या कडेपासून साधारण ३ सेंमी आत. एक बिजागरीपासून ७ सेंमीवर, दुसरा १६ सेंमीवर. म्हणजे एकमेकांपासून ९ सेंमी.

बॅगेत तिचा लॅपटॉप उभा जायचा, डावी बाजू खाली. चार्जर वरून टाकलेला, धक्क्यांनी सरकत सरकत तळाशी जाऊन झाकण आणि पुस्तकांच्या मध्ये आडवा बसलेला. चार्जरचा ठोकळा मोजला तर दोन टोकांच्या कंगोऱ्यांमधलं अंतर ९ सेंमीच भरलं. बॅगेवर "१५ इंच" लिहिलेलं होतं. १५.६ इंच हे स्क्रीनचं तिरकं माप आहे. नुसती स्क्रीनच ३४.५ सेंमी रुंद असते, आणि तिच्या लॅपटॉपची पूर्ण लांबी ३६ सेंमी होती. म्हणून चेन लावताना ती गुडघा टेकवून दाबायची. त्यावर बसच्या रॅकवर कधी कोणाची पिशवी, कधी पोतं.

राहिला उजवा कोपरा. तो बॅगेचा नव्हता, कारण तिच्या फोनमध्ये पहिल्या दिवसाचा फोटो सापडला. रात्री घरी लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना काळ्या पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं, त्याचा आनंदानं काढलेला फोटो. त्यात उजव्या कोपऱ्यातला पिवळसर उजेड स्पष्ट होता, आणि लॅपटॉप बंद करून पाहिलं तर झाकणाची फटही एकसारखी होती. म्हणजे एकाच स्क्रीनवर दोन वेगळे दोष: एक पहिल्यापासूनचा, दोन बॅगेचे. तिला मी तसंच सांगितलं. सर्व्हिस सेंटरला फक्त कोपऱ्याबद्दल विचारायचं, तो फोटो दाखवायचा, आणि डाव्या डागांबद्दल विचारलं तर खरं सांगायचं. थोडं ब्लीड कंपन्या चालण्याजोगं धरतात, त्यामुळे पॅनेल बदलून मिळेलच असं मी कोणालाही सांगत नाही. नवीन लॅपटॉप घेतला असेल तर काळ्या स्क्रीनची तपासणी पहिल्याच रात्री करा. बदलून देण्याची मुदत बिलावर किंवा ऑर्डरच्या पानावर लिहिलेली असते आणि ती फार थोड्या दिवसांची असते.

आता करायचं काय

दाबाचा ताजा डाग असेल तर दोन दिवस लॅपटॉपवर काहीही न ठेवता झाकण उघडं राहू द्या. नुसते दबून एकमेकांना चिकटलेले पापुद्रे कधी कधी सुटतात आणि डाग फिका होतो. कायमचा खड्डा पडला असेल तर तो राहतोच. बोटानं चोळणं, केस वाळवायच्या यंत्रानं गरम करणं, उलट बाजूनं दाबणं, हे व्हिडिओत दाखवतात ते करू नका. चोळून चोळून वाटाण्याएवढ्या डागाचा रुपयाएवढा केलेला मी दुरुस्तीला घेतला आहे.

झाकण नीट बसत नसेल तर एकदा टचपॅडवरून तळहात फिरवा. टचपॅड वर आलेला, बुड फुगलेलं वाटलं तर बॅटरी फुगली आहे, आणि बंद झाकणाला तीच आतून ढकलते आहे. आमच्याकडच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे असताना उन्हात ठेवलेल्या बॅगेत बॅटरी आधीच शिजत असते. अशा वेळी चार्जिंग लगेच थांबवा, लॅपटॉप बंद करा, फुगलेला भाग दाबू किंवा टोचू नका आणि तसाच दुकानात आणा.

चौकटीच्या ताणाचं ब्लीड कधी कधी कमी करता येतं, पण ते उघडणाऱ्याचं काम आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये पॅनेल चार स्क्रूंवर बसलेलं असतं. ते अर्धा-अर्धा आटा सैल करून मी काळी स्क्रीन पुन्हा पाहतो. नव्या पातळ लॅपटॉपमध्ये पॅनेल ताणून काढायच्या चिकटपट्टीवर असतं, तिथे सैल करण्यासारखं काही नसतं. दाबाच्या डागासाठी आतले पापुद्रे बदलण्याचं कोणी सुचवलं तर नको म्हणा. आमच्यासारख्या दुकानात धूळ आत जाते, आणि एका डागाच्या जागी दहा ठिपके येतात. बदलायचं तर पूर्ण पॅनेल, आणि तेही डाग कामात आडवा येत असेल तरच. पॅनेलचं मॉडेल त्याच्या पाठीवरच्या लेबलवर छापलेलं असतं, त्यावरूनच नवीन मागवायचं, लॅपटॉपच्या नावावरून नाही. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळी पॅनेलं येतात.

बॅगेसाठी मी तिला जे सांगितलं ते सगळं मिळून शंभरेक रुपयांचं होतं. चार्जर वेगळ्या बाहेरच्या कप्प्यात, आणि तो कप्पा झाकणावर येणार नाही असा. पाण्याची स्टीलची बाटली बाजूच्या जाळीत. लॅपटॉपचं झाकण बॅगेच्या पाठीकडच्या सपाट, गादीच्या बाजूला आणि बुड पुस्तकांकडे. झाकण आणि ती गादी यांच्यामध्ये परीक्षेला नेतो तो लाकडी पॅड, त्याची क्लिप काढून टाकलेली. तो एका टोकावर पडणारा दाब पूर्ण झाकणावर पसरवतो. बॅग मात्र बदलावी लागली, कारण ३६ सेंमीचा लॅपटॉप त्या कप्प्यात बसतच नव्हता. नवी बॅग घेताना लॅपटॉप दुकानात सोबत न्या. तो स्वतःच्या वजनानं कप्प्यात उतरला पाहिजे आणि चेन दोन बोटांनी लागली पाहिजे. बसमध्ये बॅग मांडीवर उभी धरा. मोटरसायकलवर नेताना ती पोट आणि टाकीच्या मध्ये दाबून ठेवू नका.

त्या रात्री घेतलेले तीन फोटो मी तिला तारखेच्या नावानं फोनमध्ये ठेवायला लावले, आणि दर महिन्याला त्याच अंतरावरून करड्या स्क्रीनचा एक फोटो काढायला सांगितलं. दोन दिवस उघडं ठेवल्यावर वरचा, १६ सेंमीचा डाग इतका फिका झाला की आता तो सांगितल्याशिवाय दिसत नाही. ७ सेंमीचा तसाच आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती पुन्हा आली तेव्हा आम्ही पट्टी घेऊन मोजलं: जागा तीच, आकार तोच, नवीन एकही नाही. पॅनेल बदललं नाही. "डाव्या हाताला फाईलींची यादी असते, तिथं तो डाग दिसतबी नाही जी," म्हणाली, आणि लॅपटॉप पॅडसकट बॅगेत घालून बस पकडायला गेली.